झाकणाला बोल्ट किती आणि केवढे?

अर्धा मीटर व्यासाचं एक पोलादी पात्र घ्या. आत दाब आहे दर चौरस सेंटिमीटरला १० किलो, म्हणजे बोलीभाषेत 'दहा किलो'चा. भोसरी, सातपूर किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत अशी पात्रं रोज घडतात: कुठे हवेची टाकी, कुठे गरम पाण्याची किंवा तेलाची गाळणी. गाळणीच्या पात्राला वर सपाट, जाड, गोल झाकण असतं आणि भोवतीनं बोल्टांची माळ असते. जाळी साफ करायची असली की ते झाकण खोलावं लागतं. आता प्रश्न साधा आहे. या झाकणाला बोल्ट किती घालायचे आणि ते किती जाड हवेत?

पहिलं उत्तर दहावीच्या विज्ञानातून येतं. दाब गुणिले क्षेत्रफळ म्हणजे बल. तेवढं बल पेलतील इतके बोल्ट घाला, झालं. हे उत्तर चुकीचं नाही, पण अर्धंच आहे. या हिशोबानं घातलेले बोल्ट तुटणार नाहीत, तरी झाकण गळेल. कारण झाकण आणि पात्र यांच्यामध्ये एक तिसरा गडी बसलेला असतो, तो म्हणजे गॅस्केट. त्याची भूक वेगळी असते आणि कित्येकदा ती दाबापेक्षाही मोठी असते.

(घरातला एक नामी अपवाद सांगून ठेवतो. ज्या कुकरचं झाकण आतून बसतं, तिथे वाफेचा दाबच झाकणाला रबरी रिंगवर दाबून धरतो. दाब वाढला की पकड वाढते. बॉयलरच्या लंबगोल हातभोकाचं झाकणही याच युक्तीनं आतून बसवतात. पण बाहेरून बोल्टांनी आवळलेल्या झाकणाचं गणित नेमकं उलटं असतं: दाब वाढला की पकड कमी होते.)

आपलं पात्र आता नीट मांडून घेऊ. आतला व्यास ५०० मिलिमीटर. झाकणाखाली दाबून बनवलेल्या तंतूंच्या पत्र्यातून कापलेलं दीड मिलिमीटर जाडीचं गॅस्केट आहे. कारखान्यांत याच प्रकाराला अजून सर्रास 'सीएएफ' म्हणतात. गॅस्केटच्या कड्याचा आतला व्यास ५२०, बाहेरचा ५६०, म्हणजे पट्टीची रुंदी २० मिलिमीटर.

इथे पहिली मेख आहे. दाब पात्राच्या ५०० मिलिमीटर तोंडापुरता थांबत नाही. तो गॅस्केटच्या आतल्या कडेपर्यंत पोचतो आणि थोडासा गॅस्केटखालीही शिरतो. म्हणून बल काढताना पात्राचा व्यास न घेता, गॅस्केट ज्या वर्तुळावर खऱ्या अर्थानं अडवतं त्याचा व्यास घ्यायचा. दाबपात्रांसाठी जगभर वापरली जाणारी अमेरिकन संहिता, जिला सगळे 'एएसएमई कोड' म्हणतात, ती सांगते की रुंद गॅस्केटची पूर्ण रुंदी कामाची धरू नका. बोल्ट आवळले की फ्लँज किंचित वाकते, बाहेरची कड जास्त दबते आणि आतली कमी. २० मिलिमीटरच्या पट्टीपैकी आपल्या हिशोबात फक्त ८ मिलिमीटर कामाची धरायची, आणि त्यावरून अडवणुकीच्या वर्तुळाचा व्यास येतो ५४४ मिलिमीटर. त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ २,३२४ चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला १० किलो, म्हणजे झाकण वर उचलणारं बल झालं २३.२ टन.

आता गॅस्केटकडे वळू. त्याच्या दोन मागण्या असतात आणि त्या वेगवेगळ्या वेळी पुढे येतात.

पहिली मागणी जोडणीच्या वेळची. तेव्हा पात्रात काहीच दाब नसतो. फ्लँजचा चेहरा डोळ्यांना गुळगुळीत दिसला तरी त्यावर लेथच्या टोकदार हत्यारानं उठवलेल्या बारीक खाचा असतात. गॅस्केटचं अंग त्या खाचांत जाऊन बसलं पाहिजे, नाहीतर त्या खाचांतूनच गळती वाट काढते. त्यासाठी गॅस्केट एकदा तरी पुरेसं चेपलं जावं लागतं. या चेपणीला किती दाब लागतो त्याचा प्रत्येक मालाचा आकडा ठरलेला आहे. कोडमध्ये त्याला `y` हे अक्षर दिलं आहे. दीड मिलिमीटरच्या तंतूच्या गॅस्केटसाठी तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २६० किलो आहे. आपल्या गॅस्केटच्या कामाच्या पट्टीचं क्षेत्रफळ साधारण १३७ चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला की ३५.५ टन येतात.

दुसरी मागणी पात्र चालू असतानाची. आतला दाब झाकण उचलायला बघतो, तसतशी गॅस्केटवरची पकड ढिली होत जाते. ती शून्यावर यायच्या बरंच आधी गळती सुरू होते. गॅस्केटवर शिल्लक राहिलेला दाब आतल्या दाबाच्या काही पट तरी असायला हवा. ही पट म्हणजे कोडमधलं `m`. आपल्या गॅस्केटसाठी ती २.७५ आहे. कोडच्या सूत्रात कामाची रुंदी इथे दुप्पट धरलेली असल्यानं या शिल्लक पकडीचं बल येतं ७.५ टन. उचलणारे २३.२ आणि हे ७.५ मिळून ३०.८ टन झाले (दशांशांच्या गोळाबेरजेत शंभर किलो इकडेतिकडे).

दोन्ही आकडे शेजारी ठेवा. पात्र दहा किलोच्या दाबावर चालू असताना बोल्टांनी ३०.८ टन धरायचे आहेत. पण पात्र रिकामं, थंड, दाबाशिवाय उभं असताना नुसतं गॅस्केट बसवायलाच ३५.५ टन लागतात. म्हणजे या झाकणाचे बोल्ट ठरवतो तो आतला दाब नाही, गॅस्केट ठरवतं. दाब पाच किलोवर आणला तरी बोल्टांत काही फरक पडणार नाही. कमी दाबाच्या पात्रांवर बोल्ट उगाच जास्त वाटतात त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

जाणता डिझायनर इथे लगेच बोल्टांकडे जात नाही. तो आधी गॅस्केटची रुंदी बघतो. पट्टी २० ऐवजी १२ मिलिमीटरची केली, बाहेरचा व्यास तोच ठेवला, तर बसवायचं बल ३५.५ वरून २६.९ टनांवर येतं. चालू स्थितीतलं बल २९.३ टन होतं आणि तेच मोठं ठरतं. नुसती कात्री आठ मिलिमीटर सरकवली आणि सहा टन वाचले. पण पट्टी फार अरुंद केली तर ती हाताळताना वाकते, फाटते, आणि फ्लँजवर एखादा आडवा ओरखडा असला तर तो तिला पूर्ण ओलांडून जातो. खूप वेळा उघडायच्या झाकणाला थोडी रुंद पट्टी परवडते. आपण २० मिलिमीटरच ठेवू आणि ३५.५ टन धरून पुढे जाऊ.

बोल्ट ताणला की तो सगळ्यात बारीक जागी तुटतो, म्हणजे आट्यांच्या मुळाशी. एम-१६ बोल्टचा बाहेरचा व्यास १६ मिलिमीटर असला तरी आट्यांच्या मुळाशी त्याचं क्षेत्रफळ १४४ चौरस मिलिमीटरच भरतं. एम-२० चं २२५ आणि एम-२४ चं ३२४. दुसरा प्रश्न, प्रत्येक चौरस मिलिमीटरवर किती भार टाकायचा? दाबपात्रांवर नेहमी दिसणारा माल म्हणजे 'बी-७' जातीचा क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचा स्टड. दर चौरस मिलिमीटरला सुमारे ७४ किलोंवर तो कायमचा लांबायला लागतो. पण कोड डिझाइनसाठी फक्त १७.५ किलो धरायची परवानगी देतो. चौपट राखीव कशासाठी, ते पुढे कळेल.

३५.५ टनांना १७.५ नं भागलं की २,०३१ चौरस मिलिमीटर एकूण क्षेत्रफळ हवं असं निघतं. हाच बोल्ट हार्डवेअरच्या दुकानातल्या साध्या मऊ पोलादाचा असता, तर कोड दर चौरस मिलिमीटरला पाच किलोसुद्धा देत नाही आणि क्षेत्रफळ सात हजारांच्या वर जातं. म्हणून स्टडच्या टोकावर उठवलेली 'B7' ही खूण वाचायची सवय लागते. हरवलेल्या दोन स्टडच्या जागी आणलेले बिनखुणेचे दोन बोल्ट दिसायला अगदी जुळे असतात.

आता २,०३१ चौरस मिलिमीटर कसे वाटायचे? एम-२४ घेतले तर सहा पुरत नाहीत, सात लागतात. एम-२० चे नऊ किंचित अपुरे, म्हणून दहा. एम-१६ चे पंधरा. रिवाज चारच्या पटीचा आहे. वर्तुळाचे चार भाग पाडून भोकं आखायला आणि समोरासमोरच्या जोड्यांनी आवळायला ते सोयीचं पडतं. म्हणून आपल्यासमोर तीन पर्याय उभे राहतात: आठ एम-२४, बारा एम-२० किंवा सोळा एम-१६. ताकदीच्या बाबतीत तिन्ही पास आहेत.

मग निवड कशावर? दोन बोल्टांमधल्या अंतरावर, म्हणजे पिचवर. बोल्ट गॅस्केटला फक्त आपापल्या जागी दाबतो. मधल्या भागात दाब पोचवायचं काम फ्लँज आणि झाकण करतात, दोन टेकूंवर ठेवलेल्या फळीसारखं, आणि या फळीला मधोमध गॅस्केट वर ढकलत असतं. फळीचा बाक अंतराच्या चौथ्या घातानं वाढतो. बोल्टांमधलं अंतर दुप्पट केलं तर मधली फट सोळापट होते. उलट प्लेटची जाडी दुप्पट केली तर बाक आठव्या हिश्शावर येतो. त्यामुळे मोजक्या जाड बोल्टांची रचना कागदावर भक्कम दिसते, पण दोन बोल्टांच्या मधोमध पाझरते.

आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत यासाठी एक सोपा नियम शिकवतात. बोल्टच्या भोकाच्या व्यासाचं मिलिमीटरमध्ये वर्गमूळ काढा. पिच त्याच्या वीसपट ते तीसपट असावा. एम-२४ ला भोक २६ चं, म्हणून पिच १०२ ते १५३ हवा. आठ बोल्ट ६१० मिलिमीटरच्या वर्तुळावर बसवले तर तो येतो २४० च्या आसपास. बाद. एम-२० ला ९४ ते १४१ हवा, आणि ६०० च्या वर्तुळावर बारा बोल्टांचा येतो १५७. हेही बाद. एम-१६ चं वर्तुळ आत सरकवता येतं, ५९२ वर. सोळा बोल्टांचा पिच ११६, नियमाप्रमाणे ८५ ते १२७ च्या मध्ये. पास.

परीक्षेत इथे उत्तराखाली दोन रेघा मारतात. पण या नियमात झाकणाच्या जाडीचं नावच नाही, हे मला नेहमी खटकत आलं आहे. ज्या फळीच्या बाकाबद्दल आपण बोलतोय तिची जाडीच हिशोबात नसेल तर नियम अंदाजाचाच राहणार. उष्णता-विनिमयक बनवणारे लोक जास्त प्रामाणिक सूत्र वापरतात: बोल्टच्या व्यासाची दुप्पट, अधिक प्लेटच्या जाडीची सहापट भागिले `m` अधिक अर्धा. आपल्या झाकणाला दाबाच्या हिशोबानं साधारण २९ मिलिमीटर जाडी लागते. गंजापोटी तीन मिलिमीटर धरले की ३२. बाजारात पुढची प्लेट ३६ ची मिळते, ती घेऊ, आणि फ्लँजही तेवढीच धरू. सूत्र म्हणतं, पिच ९८ मिलिमीटरच्या आत ठेवा. सोळा बोल्टांचा ११६ इथे नापास होतो. वीस बोल्टांचा ९३ चालतो.

तर आपलं उत्तर: वीस एम-१६. एकूण क्षेत्रफळ २,८८० चौरस मिलिमीटर, गरजेच्या जवळजवळ दीडपट. पाना फिरवायलाही ९३ मिलिमीटरमध्ये भरपूर जागा आहे.

इथे कारखान्याचा मालक हमखास म्हणतो, "साहेब, वीस घालायचेच आहेत तर एम-२४ च घाला की! काय दोन पैसे जास्त जातील ते जाऊ देत." ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण बोल्टचं काम झाकण धरून ठेवण्याचं जितकं, तितकंच स्प्रिंगचं आहे, आणि जाड बोल्ट ही वाईट स्प्रिंग असते.

आकड्यांत पाहू. जोडणी करताना फिटर बोल्ट डिझाइनच्या १७.५ किलोंवर थांबवत नाही. दर चौरस मिलिमीटरला २० किलोंपर्यंत आवळला असं धरू. वीस एम-१६ मिळून ५७.६ टन देतात. झाकण आणि फ्लँज मिळून बोल्टची ताणली जाणारी लांबी ७५ मिलिमीटर. एवढ्या ताणाखाली तो किती लांबतो? ०.०७ मिलिमीटर, वहीच्या कागदाच्या जाडीहूनही थोडं कमीच. सगळी पकड या लांबण्यात साठवलेली आहे. आता तंतूचं गॅस्केट दबल्यावर गप्प बसत नाही. पहिल्या काही तासांत, आणि पात्र गरम झाल्यावर जास्तच, ते हळूहळू पातळ होत जातं. समजा ते ०.०२ मिलिमीटरनं बसलं. एम-१६ च्या साठ्यातला चौथा हिस्सा गेला आणि साधारण ४१ टन उरले. गरज ३०.८ ची आहे, म्हणजे निभावलं.

आता तेच ५७.६ टन वीस एम-२४ बोल्टांनी दिले असते तर? बोल्ट जाड, त्यामुळे प्रत्येकात ताण कमी, आणि तो लांबतो फक्त ०.०३२ मिलिमीटर. गॅस्केट तेवढंच ०.०२ बसलं की जवळजवळ दोन-तृतीयांश पकड संपली आणि सुमारे २१ टन उरले. झाकण उचलायलाच २३.२ टन तयार उभे आहेत. प्रत्यक्षात फ्लँजचा आणि गॅस्केटचा थोडा लवचीकपणा मदतीला येतो, त्यामुळे चित्र इतकं टोकाचं नसतं, पण दिशा हीच असते. याच कारणानं काही ठिकाणी बोल्टखाली पोकळ नळकांडं घालून मुद्दाम लांब बोल्ट वापरतात. लांब आणि बारीक बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून पकड जास्त टिकवतो.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. एम-१६ च्या खाली जाऊन एम-१२ चे अठ्ठावीस बोल्ट घातले तर हिशोब जमतो, पण बारीक बोल्ट माणसाच्या हाताला बळी पडतो. पान्यावर पाइप चढवून एकानं जोर लावला की एम-१२ चे आटे खेचले जातात आणि कोणाला पत्ताही लागत नाही. कोडची ती चौपट राखीव ताकद मुख्यतः अशा हातांसाठी आणि जोडणीच्या वेळी द्याव्या लागणाऱ्या जादा ताणासाठी आहे.

आवळताना हातात येतो तो पानाच, आणि पाना फसवा असतो. आपल्या एम-१६ ला लागणारे २,८८० किलो आणायला कोरड्या-तेलकट सरासरीनं सव्वानऊ किलो-मीटरचा पिळा द्यावा लागतो. पण या पिळ्यातला निम्मा नटाखालच्या घर्षणात आणि चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात जातो. बोल्ट ताणायला उरतात जेमतेम दहा टक्के. म्हणून आटे वंगणानं माखलेले की कोरडे, यावर सगळं पालटतं. टॉर्क पाना काटेकोर असला तरी बोल्टमधला ताण तीस टक्के इकडेतिकडे सहज जातो. त्यात एक बोल्ट आवळला की शेजारचा ढिला पडतो, कारण गॅस्केट त्या बाजूला अजून दबतं. म्हणून समोरासमोरच्या जोड्या घेत, आधी तीस टक्के, मग सत्तर, मग पूर्ण, आणि शेवटी गोल फिरत एकेक बोल्ट पुन्हा तपासायचा, तेही नट हलायचा थांबेपर्यंत. चार तासांनी आणखी एक फेरी मारली तर गॅस्केटनं सुरुवातीला खाल्लेला ताण परत भरून निघतो. पात्र दाबाखाली नसतानाच, हे वेगळं सांगायला नको.

या सगळ्याला सुरुंग लागतो तो गॅस्केट बदलताना. एक प्रसंग देखभाल विभागात वारंवार घडतो. झाकण गळतं म्हणून कोणीतरी ठरवतं, की हे तंतूचं गॅस्केट हलकं आहे, आपण चांगलं, महागाचं आणू. मग येतं स्टेनलेस पट्टीचं गुंडाळून केलेलं स्पायरल वाउंड गॅस्केट. माल उत्तम, रिफायनऱ्यांत वापरतात तो. पण त्याला बसायला दर चौरस सेंटिमीटरला तंतूच्या गॅस्केटसारखे २६० किलो पुरत नाहीत, ७०० हून जास्त लागतात. आपल्याच पात्रावर त्याच रुंदीचं बसवलं तर ३५.५ टनांच्या जागी ९६ टन हवेत. वीस एम-१६ कोडच्या मर्यादेत देतात ५० टन. फिटर आणखी जोर लावतो. बोल्ट तुटत नाहीत, कारण दर चौरस मिलिमीटरला ३३ किलो झाले तरी ते कायमचं लांबण्याच्या अर्ध्यावरच आहेत. फ्लँज मात्र दुपटीहून जास्त भारानं वाकते, बाहेरच्या कडेनं जवळ येते आणि आत उघडते. महागाचं गॅस्केट एका कडेनं चिरडतं, दुसऱ्या कडेनं अर्धवट बसतं, आणि झाकण आधीपेक्षा जास्त गळतं. उलट दिशेला कडक रबराचं गॅस्केट घातलं तर बसायला दोन टनसुद्धा लागत नाहीत. मग दाब ठरवतो, आणि २६ टनांत काम भागतं. थंड पाण्याच्या पात्राला हे बिनदिक्कत चालतं. गरम तेलाला नाही.

ज्या `m` आणि `y` वर आपण इतका वेळ विसंबलो, ते आकडे किती खरे? कोडमधला तक्ता मुळात १९४३ साली रॉसहाइम आणि मार्कल या दोघांनी मांडलेल्या आकड्यांवरून आला आहे. तो काळ तंतू म्हणजे ॲस्बेस्टॉस असण्याचा. कोड स्वतःच सांगतो, की हे आकडे सुचवलेले आहेत, बंधनकारक नाहीत. आज ॲस्बेस्टॉसशिवाय बनणारे पत्रे त्याहून वेगळे वागतात. त्यांचे आकडे बनवणाऱ्याकडून घ्यावे लागतात, आणि दोन कंपन्यांच्या सारख्याच दिसणाऱ्या पत्र्यांत फरक असतो. शिवाय या पद्धतीत गळती किती हा प्रश्नच नाही. पाणी एक थेंब गाळणार नाही अशा जोडातून हायड्रोजन आरामात निसटतो. युरोपातल्या नव्या पद्धतीत गळतीचं प्रमाण आधी ठरवून मग गॅस्केटचा भार काढतात, पण ते हिशोब हातानं करण्यासारखे नाहीत. आपल्या गाळणीच्या पात्रासाठी जुनी पद्धत पुरते, एक गोष्ट लक्षात ठेवली तर: ३५.५ टन ही बोल्ट निवडण्यासाठीची किमान गरज आहे, जोडणीचा आकडा नव्हे. म्हणूनच आपण जोडणी ५७.६ टनांवर केली.

गळणारं झाकण उघडलं की जुनं गॅस्केट लगेच फेकून देऊ नये. आधी ते वाचावं. मायक्रोमीटर घेऊन त्याची जाडी बोल्टांच्या जागी आणि दोन बोल्टांच्या मधोमध मोजावी. बोल्टपाशी पातळ आणि मध्ये जाड अशी लाट सगळीकडे दिसली, तर पिच मोठा आहे किंवा झाकण पातळ आहे. बोल्ट कितीही आवळले तरी हा दोष जाणार नाही. एका बाजूला पातळ आणि समोरच्या बाजूला जाड असेल तर आवळण्याचा क्रम चुकला. बाहेरची कड चिरडलेली आणि आतली कोरी, म्हणजे फ्लँज वाकली, भार जास्त पडला. आणि जाडी सगळीकडे सारखी, खाचांचे ठसे मात्र पुसट असतील, तर गॅस्केट कधी नीट बसलंच नव्हतं; बोल्ट कमी आवळले गेले किंवा आट्यांना वंगण नव्हतं.

गळती थंड असताना नाही, पण गरम झाल्यावर सुरू होते, तेव्हा चालू पात्रावर पाना घेऊन धावणं हा सगळ्यांत वाईट उपाय. तंतूच्या पत्र्यातला रबरी चिकटा एकदा तापला की कडक होतो, आणि कडक झालेलं गॅस्केट पुन्हा आवळलं तर दबण्याऐवजी तडकतं. दहा किलोच्या दाबाखाली तडकलेलं गॅस्केट कडेनं उडून जाऊ शकतं, आणि पाना धरणारा माणूस नेमका त्याच उंचीवर वाकून उभा असतो. पात्र थंड करायचं, दाब शून्यावर आणायचा, जुनं गॅस्केट काढून नवं घालायचं, आणि वीसही बोल्ट पहिल्या फेरीपासून नव्यानं आवळायचे.